आधी मांडणी, मग वाढणी : काटा-सुरीच्या टेबलाचा धडा



आपल्या गटांना आता पर्यटन निवासांतून आणि कार्यालयांच्या पाहुणचारातून जेवणाची कामं मिळू लागली आहेत. स्वयंपाकात आपण कुठे कमी पडत नाही. पण मागच्या हंगामात एका गटाच्या ताईंनी आठ पाहुण्यांचं रात्रीचं जेवण केलं, सगळ्यांनी चवीचं कौतुक केलं, आणि तरीही व्यवस्थापक म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." कारण विचारलं तर कळलं, सुऱ्या उलट्या ठेवल्या होत्या आणि दोघं अजून सूप पीत असताना बाकीच्यांचे वाडगे उचलले होते. तेच जेवण घेऊन आज मांडणी शिकू. त्यात चार पदार्थ होते, या क्रमाने : सूप, मासा, मुख्य जेवण, शेवटी गोड. सोबत पाव आणि लोणी.

डावी-उजवी आपल्याला नवी नाही

आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. या टेबलावरही तसंच ठरलेलं आहे : काटे डावीकडे, सुऱ्या आणि चमचे उजवीकडे. घोळ होतो तो एकाच गोष्टीने. आपण टेबलाच्या पलीकडे उभ्या राहून मांडतो, मग आपली डावी ती पाहुण्याची उजवी होते. म्हणून मांडताना नेहमी त्या खुर्चीच्या मागे उभं राहायचं.

एका पाहुण्याला साधारण दोन फूट जागा धरा. जेवणाची बशी खुर्चीच्या बरोबर समोर, टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या रुंदीइतकी आत. काटे, सुऱ्या, चमचे यांच्या मुठीची टोकंही त्याच रेषेत.

बाहेरून आत

पाहुणा बाहेरच्या बाजूचं आधी उचलतो आणि प्रत्येक पदार्थाला बशीकडे आत सरकतो. म्हणून जे शेवटी लागणार ते बशीला लागून, आणि जे पहिल्यांदा लागणार ते सगळ्यात बाहेर. पदार्थांची यादी समोर ठेवा आणि मांडताना ती शेवटाकडून वाचा.

मुख्य जेवणाचा मोठा काटा बशीच्या डावीकडे आणि मोठी सुरी उजवीकडे. त्यांच्या बाहेर माशाचा काटा डावीकडे, माशाची सुरी उजवीकडे. ही सुरी रुंद आणि बोथट असते, कारण मासा कापायचा नसतो, काट्यावरून सोडवायचा असतो. सूप पहिलं, म्हणून सूपचा गोल चमचा उजवीकडे सगळ्यात बाहेर. सुऱ्यांची धार नेहमी बशीकडे, शेजारच्या पाहुण्याकडे नाही.

गोडाचा चमचा आणि काटा बशीच्या वरच्या बाजूला आडवे. वर चमचा, त्याची मूठ उजवीकडे. त्याखाली काटा, त्याची मूठ डावीकडे. पावाची छोटी बशी काट्यांच्या डावीकडे, तिच्यावर लोण्याची छोटी सुरी.

आता मोजा. तीन काटे, तीन सुऱ्या, दोन चमचे : एका पाहुण्याला आठ नग. आठ पाहुण्यांना चौसष्ट. निघण्याआधी एवढे मोजून घ्या, वर प्रत्येकी दोन जास्तीचे ठेवा. कुणाच्या हातून काटा खाली पडतोच.

ग्लास

पाण्याचा ग्लास मोठ्या सुरीच्या टोकाच्या वर. दुसरं पेय असेल, सरबत असो की वाईन, तर तो ग्लास त्याच्या उजवीकडे किंचित खाली. ग्लास दांडीला किंवा तळाकडे धरायचा. ओठ लागतात त्या काठाला बोट लागलं की दिव्याच्या उजेडात ठसा दिसतो. गरम पाण्याच्या वाफेवर धरून, तंतू न सुटणाऱ्या सुती कापडाने पुसा. काटे-चमचेही असेच पुसा.

रुमालाची घडी

पंख्याच्या, फुलाच्या घड्या दिसायला छान, पण जितकी घडी अवघड तितके हात जास्त लागतात, आणि तो रुमाल पाहुणा तोंडाला लावणार असतो. म्हणून खिशाची घडी पुरे. सुती, हलकी खळ दिलेला, इस्त्री केलेला चौकोनी रुमाल घ्या. अर्धा आणि परत अर्धा दुमडून चौकोन करा. चार सुटी टोकं वर येतील असा तो तिरका ठेवा. सगळ्यात वरचं एक टोक खाली, खालच्या कोपऱ्याच्या जरा वरपर्यंत दुमडा. दुसरं त्याच्या दोन बोटं वर, तिसरं आणखी दोन बोटं वर. मग डावा आणि उजवा कोपरा मागे दुमडा. पायऱ्यांचा खिसा तयार होतो. तो बशीवर ठेवा. हात स्वच्छ धुऊन, घड्या आदल्या दिवशीच करून ठेवा.

उचलायचा क्रम

इथेच त्या ताई चुकल्या. टेबलावरच्या सगळ्यांचं संपल्याशिवाय कुणाचंच उचलायचं नाही. एकाचं उचललं की बाकीच्यांना घाई होते, वाडग्यात उरलेलं तसंच सोडतात.

संपलं हे कसं ओळखायचं? काटा आणि सुरी बशीत शेजारी-शेजारी, एकत्र ठेवली असतील तर झालं. दोन्ही फाकवून किंवा एकमेकांवर ठेवली असतील तर पाहुणा नुसता थांबला आहे. रुमाल खुर्चीवर असेल तर तो उठून गेलाय, परत येणार आहे.

भरलेली बशी पाहुण्याच्या उजवीकडून ठेवायची, उजवीकडूनच उचलायची. मोठ्या थाळ्यातून वाढायचं असेल तर मात्र डावीकडून. उजव्या हाताने उचला आणि खुर्चीच्या मागे जाऊन डाव्या हातात घ्या. पाहुण्याच्या डोक्यावरून काही न्यायचं नाही. उष्टं एकत्र करणं, बशीवर बशी रचणं टेबलापाशी नको.

सूपचा वाडगा, त्याखालची बशी आणि चमचा एकत्र उचला. माशानंतर त्याची बशी काटा-सुरीसकट. एखादा मासा खात नसेल तर माशाचा काटा आणि सुरी आधीच उचला, म्हणजे पुढच्या पदार्थाला त्याच्या हाताला बरोबर मोठा काटाच येईल. कुणी चुकून मोठा काटा माशाला वापरला तर काही बोलायचं नाही. मुख्य जेवण येण्याआधी नवा काटा गुपचूप ठेवायचा.

मुख्य जेवणानंतर मोठ्या बशा, मग डावीकडून पावाची बशी आणि लोण्याची सुरी, मग मीठ-मिरी. पावाचा चुरा घडी केलेल्या कापडाने छोट्या बशीत ओढून घ्या. त्यानंतर वरचा गोडाचा काटा डावीकडे आणि चमचा उजवीकडे उतरवा, मग गोड आणा. पाण्याचा ग्लास पाहुणे उठेपर्यंत जागेवरच राहतो. तो उचलला की "आता निघा" असं सांगितल्यासारखं होतं.

पुढच्या बैठकीसाठी

काटे-सुऱ्या नसल्या तरी पुठ्ठ्याचे आठ नग कापा आणि त्यांवर नावं लिहा. एका ताईंनी पदार्थांची यादी सांगायची, दुसऱ्यांनी खुर्चीच्या मागून मांडायचं. मग यादीतून मासा काढून टाका आणि कोणते दोन नग उठले ते बघा. उरलेले सहा बरोबर जागी असतील तर धडा समजला.