जेवण अर्धं, तरी वजन का वाढतंय?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. घरी सोडताना वजन ५८.२ किलो होतं, आणि ते रोज करून लिहून ठेवायला सांगितलं. गेल्या पाच दिवसांचे आकडे असे : ५८.२, ५८.५, ५९.०, ५९.६, ६०.१. पण बाबा तर अर्धीच भाकरी खातात, पोट भरलं म्हणतात. पायांवर सूजही दिसत नाही. काटा बिघडला असेल का? पाणी दिवसाला दीड लिटरच द्यायचं आहे. मीठ कमी करायचं म्हणून आम्ही सैंधव आणलं आहे. हे बरोबर आहे ना?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण ही वाट पाहण्याची गोष्ट नव्हती. आता इतर वाचकांसाठी सविस्तर लिहितो.

काटा बहुधा बरोबरच होता. पाच दिवसांत दोन किलो मांस किंवा चरबी कुणाच्याही अंगावर चढत नाही, अर्धी भाकरी खाणाऱ्याच्या तर नाहीच. इतक्या झटपट वाढतं ते पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे बाबांच्या अंगात जवळजवळ दोन लिटर पाणी साठलं होतं. आणि त्यांना जेवण का जात नव्हतं? तुंबलेल्या रक्तामुळे यकृत आणि आतडीही फुगतात, म्हणून दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. तुम्ही जे काट्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलंत, ते त्याच आजाराचं लक्षण होतं.

हे पाणी येतं कुठून? हृदय नीट पंप करेनासं झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला वाटतं, शरीरात पाणीच कमी पडलंय. मग ते मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतं. पायांवर बोट दाबल्यावर खळगा पडू लागेपर्यंत दोन-तीन लिटर पाणी साठून गेलेलं असतं. काटा ते त्याआधी सांगतो, आणि रोजचं वजन त्यासाठीच असतं.

साधारण नियम असा : एका दिवसात एक किलोपेक्षा जास्त, किंवा तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बाबांचं वजन रोज अर्धा किलोच्या आसपास वाढत गेलं, म्हणून कुठल्याच एका दिवशी कुणी दचकलं नाही. अशी हळूहळू चढणारी रांग फसवी असते. म्हणून आजचा आकडा कालच्याशी ताडून थांबू नका, घरी सोडतानाच्या वजनाशीही ताडा. वजन सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करायचं. कपडे रोज साधारण सारखेच असावेत, आणि काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नाही. काटा अर्धा किलो चुकीचा दाखवत असला तरी चालेल, रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं.

आता मीठ. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. आपल्या अंगातलं पाणीही साधारण तेवढंच खारट असतं. त्यामुळे मूत्रपिंडाने नऊ ग्रॅम मीठ अडवलं, की त्याच्याबरोबर एक लिटर पाणीही अडकतं. नुसतं पाणी मोजून मीठ मोकळं सोडलं, तर रुग्ण तहानेने कासावीस होतो आणि चोरून पाणी पितो. त्याला रागावण्यात अर्थ नाही.

दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ, ही बहुतेकांसाठी ठीक मर्यादा आहे. घरात ती पाळली जाते का, हे पाहायला सोपा हिशोब आहे. चार माणसांच्या घरात एक किलो मिठाची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. पंचवीस दिवसांत संपली, तर प्रत्येकाच्या पोटात दहा ग्रॅम जातंय. लोणचं, पापड, फरसाण आणि बाहेरचं खाणं या हिशोबात नाही, ते वेगळंच.

सैंधवही सोडियमचंच मीठ आहे, त्याने काही वाचत नाही. दुकानात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ मात्र जास्त धोक्याचं ठरू शकतं. त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्या पोटॅशियम आधीच वाढवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

पाण्याचं मोजमाप पेल्यांनी करू नका, चुकतं. सकाळी दीड लिटर पाणी एका भांड्यात भरून ठेवा. बाबांनी चहा, ताक किंवा आमटी घेतली की तेवढंच पाणी त्या भांड्यातून काढून टाका. भांडं रिकामं झालं की दिवसाचा कोटा संपला. तहान लागली तर चूळ भरावी, बर्फाचा खडा चोखावा (तोही मोजून). हेही सांगतो, की ही मर्यादा सगळ्यांना सारखी लागू नाही. नेदरलँड्समध्ये ५०४ स्थिर रुग्णांवर झालेल्या आणि २०२५मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात दीड लिटरचं बंधन पाळणाऱ्यांना ठळक फायदा दिसला नाही, तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. पण ते रुग्ण स्थिर होते, आणि तुमच्या बाबांचं वजन चढत होतं. तेव्हा त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला आकडाच पाळायचा.

फोनवर मी विचारलं, नवीन काही गोळी सुरू झाली का? तेव्हा कळलं की गुडघे दुखतात म्हणून बाबा आठवडाभर मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेत होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. त्यांच्या डॉक्टरांनी ती बंद केली आणि तीन दिवस लघवीच्या गोळीचा डोस वाढवला. वजन ५८.४ वर आलं, भाकरी पूर्ण जाऊ लागली. असा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तरच करा.

काट्याच्या जोडीला उशाही मोजा. काल एका उशीवर झोपणारा आज तीन उशा मागतो, रात्री दम लागून उठून बसतो, वाकून चप्पल घालताना धाप लागते, आडवं पडल्यावर खोकला येतो, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, वजन वाढलेलं नसलं तरीही. बसल्या जागी धाप लागली, गुलाबी फेसाळ कफ पडला, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन माणूस पडला, तर फोनवर बोलत बसू नका, १०८ला गाडी मागवा.

उलटंही होतं. जुलाब किंवा उलट्या लागून वजन दोन किलोने उतरलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लघवीची गोळी तशीच चालू ठेवल्याने रक्तदाब आणखी खाली जाऊ शकतो. तेव्हाही आधी फोन.

शेवटची गोष्ट, कारण इथे सावध माणूसही चुकतो. महिनोन्‌महिने कमी जेवलं की रुग्णाचं मांस झडतं आणि त्या जागी पाणी भरतं. काटा ५८.२च दाखवतो आणि घरचे निश्चिंत राहतात. म्हणून दर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा, ‘बाबांचं कोरडं वजन आता किती धरायचं?’ तो नवा आकडा कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहा, आणि जुना खोडून टाका.