पोस्टरवरची छोटी लिंक टिकेल का?

प्रश्न: एकांकिका स्पर्धेच्या पोस्टरवर नोंदणीची छोटी, वाचता येणारी लिंक छापायची आहे. ती पुढे बंद पडेल का?

उत्तर: पडू शकते. लिंक छोटी करणाऱ्या फुकट सेवेत लिंकचं शेपूट तुम्ही निवडता, पण पत्ता त्या कंपनीचाच राहतो आणि सेवा चालू ठेवायची की नाही तेही तीच ठरवते. गूगलने goo.gl वर नव्या लिंक देणं 2019 मध्येच थांबवलं. शिवाय बऱ्याच सेवांमध्ये लिंक दुसरीकडे वळवायची तर पैसे मोजावे लागतात. फॉर्म बदलला की छापलेलं पोस्टर वाया.

मंडळाची वेबसाइट असेल तर लिंक तिथेच करा. अपाचे सर्व्हर असल्यास `.htaccess` फाइलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
Redirect 302 /ekankika https://forms.gle/...
```

302 मुद्दाम लिहिलंय. 301 लिहिलं तर ब्राउझर जुना पत्ता लक्षात ठेवतो आणि नंतरचा बदल काहींपर्यंत पोहोचतच नाही. शेपूट लहान लिपीत, आकड्यांशिवाय ठेवा. छापील l आणि 1 मध्ये लोक हमखास फसतात. शेपटात साल घालू नका, म्हणजे पुढच्या वर्षी तीच लिंक नव्या फॉर्मकडे वळवता येईल. डोमेनचं नूतनीकरण मात्र वेळेवर करा, आणि छपाईआधी लॉगिन नसलेल्या फोनवर लिंक हाताने टाइप करून बघा.