पस्तिशीत एलएलबी : दुकानदाराने हिशोब कसा मांडायचा?

दुकान चालवता चालवता "आता वकील व्हायचं" असं ठरवणारे बरेच जण भेटतात. प्रवेश तसा मिळतो. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठलीही पदवी चालते, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, सीईटी द्यावी लागते आणि वयाची अट नाही. लोक फी बघतात आणि म्हणतात, एवढंच ना? पण फी हा यातला सगळ्यात छोटा आकडा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा वय ३५, दुकानातून महिन्याला ३५,००० हातात राहतात. कॉलेजला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, म्हणजे गल्ल्यावर मुलगा ठेवावा लागणार. त्याचा पगार १२,००० आणि तुम्ही नसल्यामुळे कमी झालेला नफा ८,००० धरा. घरी आले १५,०००. म्हणजे दरमहा २०,००० गेले, तीन वर्षांत ७,२०,०००. फी-पुस्तकांचे दीड लाख धरा. झाले ८,७०,०००.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. सनद घेतल्यावर बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. भागीदार राहता येतं, तेही कारभारात हात न घालता आणि बार कौन्सिलला तो धंदा वकिलीला शोभणारा वाटला तरच. म्हणून "सकाळी कोर्ट, संध्याकाळी दुकान" हा प्लॅन मुळातच बाद. दुकान बायकोच्या किंवा भावाच्या नावावर जाईल आणि चालवायचंही त्यांनीच, नुसतं कागदावर नाही.

सनदेनंतर दोन वर्षं सिनियरकडे ज्युनियर. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं सुचवलंय, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. आपण १०,००० धरू. दुकानाचे १५,००० मिळून घरात २५,०००, म्हणजे अजून २,४०,००० ची तूट. एकूण ११,१०,००० आणि वय ४०.

इथून पुढे खरा प्रश्न. वकिलीतून खर्च जाऊन २०,००० सुटले तर तुम्ही जुन्या ३५,००० वरच आलात, ११ लाख कधीच वसूल होत नाहीत. ३५,००० सुटले तर दरमहा १५,००० जास्त, म्हणजे साधारण सव्वासहा वर्षं. वय ४६. त्यापुढची कमाई हा फायदा.

मग ३५,००० सुटतील का? फॉर्म भरण्याआधी आठवडाभर तालुका कोर्टात जाऊन बसा. सात-आठ वर्षं प्रॅक्टिस झालेल्या तीन-चार वकिलांना विचारा, पण "कमाई किती" असं नको, कुणी खरं सांगत नाही. "महिन्याला नवीन कामं किती येतात, कुठली, आणि ऑफिस-क्लार्कचा खर्च किती" असं विचारा. दुकानदाराला एक गोष्ट जमेची असते: बाजारात ओळख. व्यापाऱ्यांच्या चेक बाउन्सच्या केसेस, म्हणजे कलम १३८, हे रोजचं काम आहे. जाहिरात करायला वकिलाला बंदी आहे, त्यामुळे कामं ओळखीतूनच येतात. तुमच्या ओळखीच्या किती व्यापाऱ्यांचे चेक गेल्या वर्षी परत आले आणि त्यातले किती जण कोर्टात गेले, हे आजच वहीत लिहायला घ्या.