सूर्य पाहायला पहाटे उठावे काय?

महाबळेश्वरला विल्सन पॉइंट नावाची एक उंच जागा आहे. तिथला सूर्योदय पाहण्यासाठी लोक पहाटे झोप मोडून जातात. आमच्या शेजारचे गणपतराव एकदा म्हणाले, "गुरुजी, शेतात सूर्य रोज फुकट दिसतो. तिथं काय निराळा उगवतो?"

प्रश्न बरोबर आहे. सूर्य तोच. पण ही जागा सुमारे ४,७०० फूट उंच आहे. महाबळेश्वरात याहून उंच जागा नाही. तिथे आपण वर उभे असतो आणि दऱ्या पायाखाली अंधारात असतात. ऊन आधी डोंगरमाथ्यावर पडते, मग हळूहळू खाली उतरते. हे शेतातून दिसत नाही. पाहायचे ते हे.

पण ते सगळ्या महिन्यांत दिसत नाही. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही घरची माणसे गेलो होतो. मे महिन्यात तिथे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणून साडेचारला उठलो. पाहतो तो काय, समोर सगळी धुरकट हवा! उन्हाळ्यात धूळ आणि उष्णता यांनी हवा गढूळ होते. सूर्य आला तो धुळीच्या थरावर, उशिरा आणि फिक्का. दऱ्या दिसल्याच नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर बरे. झोप मोडली होती, तरी आम्ही दिवसभर सगळे पॉइंट हिंडलो, आणि तसेच दुपारी परतीला निघालो. पसरणी घाटात गाडी चालवणाऱ्या आमच्या पुतण्याचा डोळा लागला. गाडी कठड्याकडे गेली. शेजारी बसलेली आक्का ओरडली म्हणून वाचलो. त्या दिवशी चूक पुतण्याची नव्हती. दिवस आखणाऱ्या आमची होती.

पुन्हा गेलो ते २०२३ च्या जानेवारीत. या वेळी गणपतरावही बरोबर होते. जानेवारीत सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेपाचला उठले तरी चालते. शेतकऱ्याला ही काही पहाट नव्हे! दिनदर्शिकेत वेळ छापलेली असते. ती बहुधा मुंबईची असते, पण फरक चार-पाच मिनिटांचाच. मात्र त्या वेळेला पोहोचून उपयोग नाही. आकाशाला रंग चढतो तो सूर्य येण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे. म्हणून अर्धा तास आधी जागेवर असावे. तिथे वारा झोंबतो. कानटोपी आणि घोंगडी हवीच.

जायचे की नाही, हे आम्ही आदल्या रात्री ठरवले. जेवण झाल्यावर बाहेर येऊन पूर्वेकडे पाहिले. चांदण्या खालपर्यंत स्वच्छ दिसत होत्या. चांदण्या झाकलेल्या असतील, तर निजून राहावे. पहाटे उठल्यावरही कपडे करण्याआधी एकदा दार उघडून पाहावे. पावसाळ्यात तर हा विचारच नको. जून ते सप्टेंबर तिथे धुके आणि पाऊस यांशिवाय सकाळी काही दिसत नाही.

आक्काचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "तुम्ही जा रे. मी मावळतीचा बघेन." हेही शहाणपणाचेच. पश्चिमेला बॉम्बे पॉइंट आहे. तिथला सूर्यास्त झोप न मोडता पाहता येतो. घरातल्या सगळ्यांनी उठलेच पाहिजे, असे नाही.

आम्ही नऊला निजलो होतो. पावणेसातच्या आधी वर पोहोचलो. आधी तांबडे फुटले. मग दूरच्या डोंगरांच्या रांगा एकामागून एक उमटल्या. खालच्या दरीत धुके पांढऱ्या पाण्यासारखे भरले होते. सूर्य वर आला तशी बरीच मंडळी फोटो काढून लगेच परतली. आम्ही अर्धा तास थांबलो. ऊन दरीत उतरले, ते त्यानंतर.

परत येऊन न्याहारी केली आणि आक्काला घेऊन क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. ते गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. सकाळी तिथे गर्दी कमी असते. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी येते. आक्काने सावकाश दर्शन घेतले. पुढे आर्थर सीट होते, पण ते सोडले. बाराला परतलो, जेवलो, आणि दोन तास सगळे गाढ झोपलो. पुतण्याला तर आम्ही बाजारातही पाठवले नाही.

संध्याकाळी बॉम्बे पॉइंटला गेलो. जानेवारीत तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आक्का पुढे कठड्याजवळ बसली. मुक्काम त्या रात्रीही तिथेच होता. घाट उतरलो तो दुसऱ्या दिवशी, आठला, पोटभर झोप झाल्यावर.

वाटेत गणपतरावांना विचारले, "काय, सूर्य निराळा होता का?"

"सूर्य तोच," ते म्हणाले, "पण खालचं धुकं फाटताना पाहिलं, ते आमच्या रानात नाही."