प्रश्नांच्या आधी तक्ता

नर्सिंगची प्रश्नपत्रिका काढताना आपण बहुधा आधी प्रश्न आठवतो आणि मग गुणांची बेरीज शंभर किंवा पन्नासला आणून बसवतो. मला हा क्रमच उलटा वाटतो. बीदर आणि कलबुर्गीतील बी.एस्सी. नर्सिंग महाविद्यालये बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांची अंतिम परीक्षा विद्यापीठ घेते, पण अंतर्गत परीक्षेची पत्रिका महाविद्यालयातच तयार होते. विद्यार्थी वर्षभर काय वाचतील, हे याच पत्रिकेने ठरते. मागच्या चार-पाच पत्रिका समोर ठेवून कोणत्या घटकाला किती गुण मिळाले याची बेरीज करावी, म्हणजे दोष कुठे आहे ते कळते. एकच आवडता घटक दर वेळी मोठा प्रश्न होऊन येतो आणि दुसरा व्याख्येपुरताच उरतो. हुशार विद्यार्थी ते ओळखतात आणि तो दुसरा घटक वाचतच नाहीत.

म्हणून आधी तक्ता, म्हणजे ब्लूप्रिंट. आडव्या ओळींत घटक आणि उभ्या रकान्यांत विचाराची पातळी: नुसते आठवणे, समजणे, वापरणे. घटकाचे वजन ठरवायला अभ्यासक्रमातील तास उपयोगी पडतात, पण ते पुरेसे नाहीत. प्रौढ रुग्ण शुश्रूषेच्या पन्नास गुणांच्या एका काल्पनिक पत्रिकेत पाच घटक आहेत असे धरू. चूक झाल्यास रुग्णाला किती धोका आहे आणि असा रुग्ण किती वेळा भेटतो, या दोन्हींसाठी प्रत्येक घटकाला एक ते तीन अंक द्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. शॉकला 3 गुणिले 2 म्हणजे 6, श्वसनविकारांना 3 गुणिले 3 म्हणजे 9, पचनविकारांना 2 गुणिले 3 म्हणजे 6, रक्तक्षयालाही तेवढेच 6 आणि अॅड्रिनल ग्रंथीच्या विकारांना 3 गुणिले 1 म्हणजे 3. एकूण 30. या प्रमाणात पन्नास गुण वाटले तर अनुक्रमे 10, 15, 10, 10 आणि 5 येतात. चाळीस तासांच्या अध्यापनात रक्तक्षयाला चारच तास असतील, तर तासांच्या हिशेबाने त्याला पाच गुण मिळाले असते. आपल्या भागातल्या ओपीडीत बसणाऱ्या कोणाही परिचारिकेला ते कमी वाटतील.

आता रक्तक्षयाचे दहा गुण पातळ्यांत वाटू. प्रौढ, गरोदर नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात, हे आठवण्याचे, दोन गुण. लोहाची गोळी चहासोबत का घेऊ नये, हे समजण्याचे, तीन गुण. औराद तालुक्यातील शेतमजूर बाईचे हिमोग्लोबिन 9 आहे, शौच काळे होऊ लागल्याने तिने गोळ्या बंद केल्या, तर परिचारिकेने तिला आधी काय विचारावे आणि काय समजवावे, हे वापरण्याचे, पाच गुण. इथे एक फसगत हमखास होते. ‘स्पष्ट करा’ लिहिले की पातळी वाढली असे वाटते. पण तेच स्पष्टीकरण नोट्समध्ये जसेच्या तसे लिहून दिलेले असेल, तर तो पाठांतराचाच प्रश्न असतो. रुग्णाची गोष्ट जोडली म्हणूनही पातळी वाढत नाही. ती गोष्ट हाताने झाकून बघा. तरीही उत्तर देता आले, तर ती निव्वळ सजावट आहे. त्याच चालीने, एखाद्या दुर्मिळ विकाराची आडवळणी आकडेवारी विचारली की प्रश्न अवघड होतो, पण तो विचार करायला लावत नाही.

आपल्या सीमाभागात यावर एक खरा आक्षेप येतो. मराठी, कन्नड किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीतला रुग्णवृत्तान्त वाचणेच जड जाते, मग असे प्रश्न अन्यायाचे नाहीत का? आक्षेप बरोबर आहे, पण तो लांब वाक्यांवर आहे, विचाराच्या पातळीवर नाही. वृत्तान्त तीन-चार सोप्या ओळींत बसवा आणि विचारणा शेवटी एकाच वाक्यात करा. या मुलींना पाठांतराचेच प्रश्न देत राहणे हा मला मोठा अन्याय वाटतो, कारण वॉर्डातला रुग्ण व्याख्या विचारत नाही. दुसरा आक्षेप असा की अंक शेवटी आपल्याच मनाचे. हो, म्हणूनच ते एकट्याने देऊ नयेत. आणि ‘तीनपैकी कोणतेही दोन सोडवा’ अशी सूट द्यायचीच असेल, तर पर्याय एकाच घटकाचे आणि एकाच पातळीचे ठेवा. नाहीतर विद्यार्थी शॉक वगळून दमा लिहितो आणि तक्ता कागदावरच राहतो. प्रत्यक्ष कौशल्य, उदाहरणार्थ ऑक्सिजन मास्क बसवणे, या तक्त्यात येत नाही. त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षाच हवी.

पुढच्या अंतर्गत परीक्षेच्या आधी आपल्या विभागातील दोघींनी हे अंक वेगवेगळे देऊन पाहावेत. जिथे दोन अंकांचा फरक दिसेल, तिथे बसून बोलावे आणि मगच पहिला प्रश्न लिहावा.