घटक ४ : अरबी निषेधसूचनांचे इंग्रजी रूपांतर

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• अरबी निषेधसूचनेची वाक्यरचना ओळखता येईल.
• तिचा जोर आणि व्याप्ती कायम ठेवून थोडक्यात इंग्रजी सूचना तयार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ‘दारूबंदी’ हा शब्दच पाहा. कोण बंदी घालतो आणि कोणावर घालतो, हे त्यात सांगितलेले नाही. निषेध नामाच्या रूपात मांडला आहे. ‘आत येण्यास मनाई आहे’ या पाटीचीही रचना अशीच आहे. यातील ‘मनाई’ मूळ अरबी ‘मन्अ’ या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आली. आखाती देशांतील पाट्यांवर दिसणारा ‘ममनूअ’, म्हणजे ‘मना केलेले’, हा शब्द त्याच धातूचा आहे. अशा पाट्यांवर अरबीखाली बहुधा इंग्रजी असते. अरबी न येणारा मराठी कामगार त्या इंग्रजीवरच अवलंबून असतो.

४.३ अरबी सूचना नामरूप का असते?

अरबीत आज्ञार्थी क्रियापदाला लिंग आणि वचन असते. ‘हात लावू नकोस’ हे पुरुषाला ‘ला तल्मिस’, तर स्त्रीला ‘ला तल्मिसी’ असे सांगावे लागते. पाटी मात्र सर्वांसाठी असते. म्हणून अरबी सूचनेत ‘ममनूअ’ किंवा ‘युम्नउ’ (मनाई केली जाते) याला क्रियावाचक नाम जोडण्याची पद्धत रूढ आहे. ‘ममनूअ अत्-तद्खीन’ म्हणजे शब्दशः ‘धूम्रपान मना’. मराठीत हेच काम ‘थुंकू नये’ यातील ‘नये’ करते. तेथेही समोरची व्यक्ती कोण, हे सांगावे लागत नाही.

इंग्रजी आज्ञार्थाला ही अडचण नाही. त्यामुळे इंग्रजीत दोन छोटे साचे पुरतात : ‘नो’ आणि नाम, किंवा ‘डू नॉट’ आणि क्रियापद. ‘ममनूअ अत्-तद्खीन’चे ‘स्मोकिंग इज फॉरबिडन’ हे रूपांतर चुकीचे नाही. परंतु पाटीसाठी ‘नो स्मोकिंग’ पुरेसे आहे. निवासस्थानाच्या नियमांतील ‘युम्नउ अत्-तब्ख दाखिल अल-गुरफ’ याचे ‘नो कुकिंग इन रूम्स’ होते. येथील ‘दाखिल’, म्हणजे ‘आत’, हा मराठीतील ‘दाखल’चाच सगोत्र शब्द आहे.

४.४ संक्षेपात अर्थ कोठे हरवतो?

पुढील पाटी पाहू : ‘ममनूअ अद्-दुखूल लि-गैर अल-मुवज्जफीन’. ‘गैर’ हा शब्द आपण ‘गैरहजर’मध्ये वापरतोच. शब्दशः अर्थ असा : ‘कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त इतरांना प्रवेश मना’. केवळ ‘नो एन्ट्री’ लिहिल्यास कर्मचारीही बाहेर राहतील. ‘गैर’ नजरेतून निसटला, तर ‘नो एन्ट्री फॉर स्टाफ’ असा नेमका उलटा अर्थ होईल. इंग्रजीत निषेध उलटवून परवानगी लिहितात : ‘स्टाफ ओन्ली’. दोन शब्दांत निषेध आणि अपवाद दोन्ही राहिले.

दुसरे उदाहरण ‘ममनूअ अल-वुकूफ’. ‘वुकूफ’ म्हणजे उभे राहणे किंवा थांबणे. ते माणसाचेही असते आणि वाहनाचेही. रस्त्याच्या कडेला याचे ‘नो पार्किंग’ होते. बांधकामाच्या जागी क्रेनखाली हेच शब्द असतील, तर ‘डू नॉट स्टँड हिअर’ लिहावे लागते. तेथे ‘नो पार्किंग’ लिहिले, तर पायी जाणारा कामगार ती सूचना वाहनचालकांसाठी आहे असे समजून टांगलेल्या ओझ्याखाली उभा राहील. म्हणून भाषांतरकाराने पाटीचा मजकूर मिळताच ती कोठे लावायची आहे, हे विचारून घ्यावे.

४.५ विनंती आणि सक्ती

‘अर्-रजाअ अदम…’ म्हणजे ‘…न करण्याची विनंती’. याचे इंग्रजी ‘प्लीज डू नॉट’ असे होते. ‘युम्नउ मन्अन् बात्तन्’ यात मनाईचाच शब्द पुन्हा योजून जोर वाढवला आहे. मराठीतील ‘सक्त मनाई’ त्याच तोलाची. इंग्रजीत ती पुनरुक्ती गाळून ‘स्ट्रिक्टली’ हा शब्द ठेवावा. तो गाळला, तर सक्त मनाई साध्या मनाईच्या पातळीवर येते.

मराठीशी असलेले साम्य येथे फसवेही ठरते. मराठीत ‘ताकीद’ म्हणजे कडक सूचना; अरबीत ‘तअकीद’ म्हणजे दुजोरा. ‘तअकीद अल-हज्ज’ ही आरक्षण निश्चित केल्याची नोंद असते; तिचे ‘वॉर्निंग’ करू नये.

४.६ आपली प्रगती तपासा

‘अर्-रजाअ अदम अल-लम्स’ (लम्स = स्पर्श) याची इंग्रजी सूचना लिहा. ‘नो टचिंग’ का चालणार नाही?

उत्तर : ‘प्लीज डू नॉट टच’. मूळ सूचना विनंतीची आहे. ‘नो टचिंग’मध्ये विनंती नाहीशी होऊन केवळ मनाई उरते.

४.७ सारांश

अरबी सूचनेतील नामरूप रचना इंग्रजीत सोडता येते. परंतु निषेध कोणाला, कशाचा, कोठे आणि किती जोराने केला आहे, या चार गोष्टी संक्षेपातही टिकल्या पाहिजेत.