पाणी बंद ठेवा म्हणाले!

भाताच्या पेजेसारखे पांढुरके जुलाब, पोटात कळ नाही, ताप नाही आणि थांबायचं नाव नाही. असं दिसलं की कॉलऱ्याची शंका घ्यायलाच हवी. आमच्या काकूंना पहाटेपासून हेच होत होतं. गावातल्या डॉक्टरांनी ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली चढवली, अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचलं, जुलाब थांबवायची गोळी दिली आणि बजावलं, ‘‘पाणी बंद ठेवा, प्यायल्या की पुन्हा होईल.’’ घरच्यांनी परत परत विचारलं, तर वैतागले.

दुपारी आशाताई आल्या. त्यांनी काकूंच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी तशीच उभी राहिली! डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही, नाडी हाताला लागेना, हाकेला ओ नाही. ‘‘आता पाजून भागणार नाही, गाडी काढा,’’ त्या म्हणाल्या.

ग्रामीण रुग्णालयात दोन्ही हातांना रिंगर लॅक्टेट लागलं. काकूंचं वजन 50 किलो. इतक्या गंभीर शुष्कतेत किलोमागे 100 मिली द्यावं लागतं, म्हणजे 5 लिटर. पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन. गावात मिळालं होतं ते याच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि त्या ग्लुकोजमध्ये क्षार तर नव्हतेच. काकू डोळे उघडून पाणी मागू लागल्या, तशी नर्सने सलाईन चालू असतानाच ओआरएस पाजायला घेतलं. उलटी थांबल्यावर डॉक्सिसायक्लिनचा 300 मिलिग्रॅमचा एकच डोस दिला. अँटिबायोटिकने जुलाब लवकर आटोपतात, पण गेलेलं पाणी भरून येत नाही. म्हणून ते मुख्यतः गंभीर रुग्णाला, आणि तेही पाण्यानंतर.

पाणी बंद ठेवायचा सल्ला अजून दिला जातो, याची चीड येते. कॉलऱ्याच्या विषामुळे आतडं क्षार आणि पाणी बाहेर टाकतं, पण ग्लुकोजबरोबर मीठ शोषायची त्याची वाट शाबूत राहते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. 30 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांखाली आलं.

तेव्हा पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर स्वच्छ पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने द्या. जुलाब थांबवायची गोळी नको. हात स्वच्छ धुवा, पाणी उकळून प्या.

रुग्ण शुद्धीवर असून पीत असेल, तर सहसा सलाईन लागत नाही. गळून पडला, पिता येईना, किंवा पाजूनही जुलाबाने जास्तच जात असेल, तर गाडी काढा. आणि कुणी बाटली लावलीच, तर त्यावरचं नाव वाचा. नुसतं डेक्स्ट्रोज असेल, तर रिंगर लॅक्टेट का नाही, हे तिथेच विचारा. समोरचा वैतागला तरी विचारा.